शॉर्ट परत पहिल्यापासून सुरू झालेला कळूच नये असा शेवट कसा करायचा? भाकरीच्या व्हिडिओत अडकलेय

चुलीपाशी_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी आणि सासूबाई मिळून ज्वारीच्या भाकरीचे, आमट्यांचे, चटण्यांचे छोटे व्हिडिओ करतो, शूटिंग मोबाईलवर आणि एडिटिंग पण मोबाईलवरच. आत्ता एक ३२ सेकंदांचा भाकरीचा व्हिडिओ केलाय. सुरुवातीला परातीत उंडा ठेवतात, मग थापणं, मग तव्यावर टाकून वरून पाणी फिरवणं, उलटणं, जाळावर टम्म फुगणं, आणि शेवटी ताटात ठेवून सासूबाई म्हणतात "झाली बघा भाकरी".

ग्राफ बघितला तर मधे लोक बऱ्यापैकी टिकतात पण शेवटच्या तीन-चार सेकंदांत एकदम खाली येतो. आणि मी स्वतः असे व्हिडिओ बघितलेत की दोनदा बघून होतो तरी संपला कधी ते कळत नाही, मला तसं करायचंय. म्हणून दुसऱ्या दिवशी परत उंडा ठेवतानाचा एक शॉट घेतला आणि शेवटी जोडला, पण सांधा चक्क दिसतोय. उजेड वेगळा, बांगड्या वेगळ्या, परातीतलं पीठ वेगळं, आणि आवाजात बरोब्बर जोडाच्या जागी टक्क होतं. कोणी केलंय का हे? नेमकं कुठं कापायचं असतं?

रोहन_रील्स

सोप्पं आहे ताई. एक तर व्हिडिओ सात सेकंदांच्या आत आणा, लहान असला की आपोआप दोनदा बघितला जातो. दुसरं म्हणजे पहिली फ्रेम कॉपी करायची आणि शेवटी चिकटवायची, म्हणजे शेवट आणि सुरुवात सेम दिसणार. नाहीतर अख्खा क्लिप रिव्हर्स करून पुढे जोडा, पुढे-मागे पुढे-मागे होतं, सांधा येतच नाही. मी माझ्या जिमच्या रील्सला हेच करतो.

येवल्याचे_काका

आमच्या साडीच्या दुकानात काउंटरमागे टीव्ही आहे, पेनड्राइव्हवर पदराचा व्हिडिओ २० सेकंदांचा टाकलाय आणि रिपीट लावून ठेवलाय. प्रत्येक वेळी संपला की स्क्रीन काळी होते आणि फाइलचं नाव येतं, मग परत सुरू. गिऱ्हाईक बसलेलं असतं समोर, बरं दिसत नाही. ते कसं घालवायचं कोणी सांगेल का, विषय तोच आहे म्हणून इथंच विचारतो.

कात्री_आणि_डिंक

मी पुण्यात एडिटिंग करतो, लग्नाच्या फिल्म, दुकानांच्या जाहिराती, आणि गेली काही वर्षं हे उभे छोटे व्हिडिओ बरेच. भाकरीचा प्रश्न मला फार आवडला कारण भाकरी हे लूपसाठी उत्तम काम आहे, एक झाली की दुसरी थापायची असतेच, म्हणजे गोल फिरणं त्या कामातच आहे, ते वरून चिकटवायला लागत नाही.

तुमची चूक कुठं झाली सांगतो. तुम्ही आधी अख्खा व्हिडिओ बनवला आणि मग शेवट सुरुवातीला जोडायला गेलात. सगळे असंच करतात आणि सगळ्यांचा सांधा दिसतो, कारण शेवटचा शॉट आणि पहिला शॉट हे वेगळ्या वेळी घेतलेले असतात, आणि दोन वेगळ्या वेळा जुळवणं म्हणजे उजेड, हात, पीठ, आवाज सगळंच जुळवणं. उलट करा. सांधा आधी शूट करा. म्हणजे असं की व्हिडिओ जिथून परत सुरू होणार ती जागा एका सलग शॉटमध्ये, कॅमेरा बंद न करता घ्या. मग तो शॉट मधोमध कापा. कापानंतरचा अर्धा व्हिडिओच्या सुरुवातीला लावा आणि कापाआधीचा अर्धा व्हिडिओच्या शेवटी लावा. व्हिडिओ संपून परत सुरू झाला की हे दोन अर्धे पुन्हा एकमेकांना भेटतात, आणि ते मुळात एकच होते त्यामुळे जुळवायला काही उरतच नाही.

भाकरीचं सांगायचं तर दोन भाकऱ्या करा. पहिली थापली, भाजली, फुगली, ताटात गेली. कॅमेरा बंद करू नका. सासूबाईंनी दुसरा उंडा घेतला, परातीत पीठ भुरभुरलं, थापायला सुरुवात केली, आठ-दहा थापा होऊ द्या. आता या दुसऱ्या भाकरीच्या चौथ्या-पाचव्या थापेच्या मधे कापा. तिथून पुढचा भाग म्हणजे तुमच्या व्हिडिओची सुरुवात. त्यानंतर पहिल्या भाकरीचं तव्यावरचं, पाण्याचं, फुगण्याचं सगळं. मग ताट, मग दुसरा उंडा, चार थापा, संपलं.

आता तुम्ही म्हणाल की मग मधे एका ठिकाणी दुसऱ्या भाकरीवरून पहिल्या भाकरीवर उडी पडली. पडली ना. पण ती कुठं पडली तर परातीवरून तव्यावर जाताना, जिथं तुम्ही तसंही कॅमेरा हलवून वेगळ्या अँगलने घेताच. तिथं कट असणं लोकांना सवयीचं आहे, आणि भाकरी तव्यावर पडली की ही पहिली का दुसरी हे कोणी ओळखत नाही. जोड हा कुठंतरी राहणारच, तो टोकाला न ठेवता पोटात ढकलायचा, जिथं तो खपून जातो.

येवल्याचे काका, तुमचं वेगळं आहे. टीव्हीचा प्लेअर दर वेळी फाइल बंद करून पुन्हा उघडतो म्हणून काळं होतं, त्याला कितीही चांगला शेवट केला तरी उपयोग नाही. एडिटिंग करणाऱ्याला सांगा की तोच २० सेकंदांचा व्हिडिओ एकापुढे एक १८० वेळा लावून एक तासाची एकच फाइल करून दे. मग काळी स्क्रीन तासाला एकदाच येईल.

येवल्याचे_काका

अरे वा. भाच्याला सांगतो आजच. धन्यवाद.

रोहन_रील्स

पण रिव्हर्सला काय प्रॉब्लेम आहे? बूमरँग सगळे बघतात की.

कात्री_आणि_डिंक

जिमला चालतं रोहन, कारण डंबेल वर जातं आणि खाली येतं, उलट केलं तरी तसंच दिसतं. झोका, पाळणा, पंप मारणं, या सगळ्याला चालेल. पण भाकरीवरची वाफ खाली जाताना दिसली, सांडलेलं पीठ उडून मुठीत गेलं, की डोळा लगेच पकडतो. आणि बोलणं असेल तर प्रश्नच मिटला.

पहिली फ्रेम शेवटी चिकटवायचं म्हणतोस, त्याने मात्र नुकसान होतं. शेवटी ती फ्रेम आणि लगेच सुरुवातीला तीच फ्रेम, म्हणजे एकच चित्र लागोपाठ दोनदा. हात सलग खाली येत असताना मधे एक फ्रेम थबकल्यासारखा होतो. ३० फ्रेमच्या व्हिडिओत ही फ्रेम सेकंदाचा तिसावा भाग आहे पण हलत्या हातावर तेवढं पण जाणवतं. शेवटची फ्रेम पहिल्या फ्रेमसारखी नको, पहिल्या फ्रेमच्या एक पाऊल आधीची हवी.

लहान ठेवायचं म्हणालास ते अर्धं बरोबर आहे. ज्यात एकच गोष्ट बघायची आहे ते लहानच बरं. पण भाकरी सात सेकंदांत फुगवली तर बघणाऱ्याला बघितल्याचं समाधान कुठून मिळणार.

चुलीपाशी_सोलापूर

दादा हे वाचून मी आणि सासूबाई दोघीच बसलो होतो, त्यांना समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या हे कापूसकोंड्याच्या गोष्टीसारखं आहे की! "कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "हो." "हो काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" संपतच नाही. लहानपणी त्यांची आजी असंच करायची म्हणे.

आज सकाळी शूट केलं तुम्ही सांगितलं तसं. चित्र खरंच जुळलं, मला स्वतःला सांधा शोधायला लागला. पण आवाज अडखळतोय. थाप थाप थाप चाललेलं असतं आणि परत सुरू होताना एक थाप लवकर पडते, पायरी चुकल्यासारखं होतं. टक्क मात्र गेलं.

कात्री_आणि_डिंक

कापलेल्या जागी नंतर काही छाटलंत का?

चुलीपाशी_सोलापूर

हो… सुरुवातीला हात वर होता तो भाग मोकळा वाटला म्हणून थोडं काढलं, म्हणजे थेट थापेनेच सुरू व्हावं. आणि शेवटी पण थोडं काढलं, थाप पडून गेल्यावर हात उचलतानाचं.

कात्री_आणि_डिंक

तिथंच गेलं बघा. एकदा कापलं की त्या कापाच्या दोन्ही बाजूंची एकही फ्रेम काढायची नाही. टाइमलाइन पूर्ण मोठी करा आणि आवाजाच्या लाटेत दोन थापांमधलं अंतर मोजा, किती फ्रेम येतात?

चुलीपाशी_सोलापूर

मोजलं. थापा साधारण १२ फ्रेमवर पडतायत, कधी ११ कधी १२. माझ्या व्हिडिओत शेवटच्या थापेनंतर ४ फ्रेम आहेत आणि सुरुवातीला पहिल्या थापेआधी ३.

कात्री_आणि_डिंक

म्हणजे परत फिरताना दोन थापांत ४ अधिक ३, ७ फ्रेमच राहिल्या, हव्या होत्या १२. पाच फ्रेम गेल्या, म्हणून थाप घाईत पडते. सुरुवातीच्या ३ तशाच ठेवा, शेवटी ९ करा. छाटलेल्या फ्रेम क्लिपचं टोक ओढलं की परत येतात, फक्त त्याच शॉटमधल्या त्याच फ्रेम आल्या पाहिजेत.

चित्रात एक-दोन फ्रेम इकडेतिकडे झाल्या तर माणूस माफ करतो पण ठेक्यात नाही करत. ज्यांना ताल अजिबात कळत नाही असं वाटतं त्यांना पण चुकलेली थाप कळते.

ठेका_आठ_मात्रा

मी एडिटिंगवाला नाही, भजनात पखवाज आणि घरी तबला वाजवतो. पण हा धागा वाचताना राहवलं नाही कारण तुम्ही जे बोलताय ते आमच्याकडे रोजचं आहे. आवर्तन म्हणजे काय, शेवटच्या मात्रेनंतर परत सम. भजनी ठेका आठ मात्रांचा, आठवी संपली की पहिली, त्यात थांबायला जागाच नाही. तुमच्या व्हिडिओचा शेवट समेवर करायचा नाही, समेच्या आधीच्या मात्रेवर करायचा. सम ही पुढच्या फेरीची आहे.

मी माझ्या तबल्याच्या व्हिडिओत एक करून बघितलं आणि ते फार जमून आलं. तिहाई वाजवली, म्हणजे एकच तुकडा लागोपाठ तीनदा. तिहाईचा शेवटचा धा समेवर पडतो, ऐकणारा त्याची वाट बघत असतो. मी व्हिडिओ त्या शेवटच्या धाच्या अगोदर तोडला आणि तो धा व्हिडिओच्या सुरुवातीला ठेवला. म्हणजे ऐकणाऱ्याला तिहाई पूर्ण करायची तर पहिल्या फ्रेमला जावंच लागतं. आणि नव्याने बघणाऱ्याला सुरुवातीला एक खणखणीत धा ऐकू येतो, त्यात काही अपुरं वाटत नाही.

कात्री_आणि_डिंक

हे फार सुंदर सांगितलंत. माझ्याकडून एवढीच भर की धा अगदी पहिल्या फ्रेमला चिकटवू नका, दोन-तीन फ्रेम आधी मोकळ्या सोडा आणि तेवढ्याच शेवटून कमी करा. परत सुरू होताना काही फोनवर आवाज किंचित उशिरा उठतो, त्यात धाचा आघातच गिळला जातो आणि नुसती आस ऐकू येते.

आणि यातच अजून एक आहे. एक्स्पोर्ट करताना आवाज दाबून लहान केला जातो, त्यात सुरुवातीला काही मिलिसेकंदांची रिकामी जागा राहू शकते. ती आपल्या हातात नाही. थापेसारख्या तुटक आवाजात ती लपते, कारण दोन थापांमधे तशीही शांतताच असते. पण तंबोरा, पाऊस, मिक्सर, गॅसचा सूं आवाज असा सलग चालणारा असेल तर तिथं खड्डा ऐकू येतो. म्हणून सांधा नेहमी दोन आघातांच्या मधल्या शांत जागेत टाकायचा. ताई तुम्ही चुलीवर करता का गॅसवर? गॅसचा आवाज असेल तर थापताना बंद ठेवा.

ठेका_आठ_मात्रा

दोन-तीन फ्रेम सोडायचं मला पटलं नाही पूर्ण. द्रुत लयीत तेवढ्याने पण लय ढिली वाटते, मी तर अगदी आघातापाशी कापतो आणि माझ्या फोनवर बरोबर वाजतं.

कात्री_आणि_डिंक

तुमच्या फोनवर वाजत असेल. माझ्याकडे दोन फोन आहेत, एकावर गिळतो एकावर नाही. शेवटून तेवढ्याच कमी केल्या तर लय ढिली व्हायला नको, पण तुमचा कान माझ्यापेक्षा तयार आहे, त्यामुळे हट्ट करत नाही.

सई_सातारा

मला वेगळंच विचारायचंय, ट्रेंडिंग गाणं लावलं तर? अ‍ॅपमधूनच गाणं लावते मी, व्हिडिओ परत सुरू झाला की गाणं पण मधूनच तुटून परत सुरुवातीला जातं. चित्राचा लूप छान झालाय माझ्या, धबधब्याचा आहे.

ठेका_आठ_मात्रा

गाण्याची लय मोजा आणि व्हिडिओची लांबी पूर्ण आवर्तनांत बसवा. समजा गाणं मिनिटाला ९० मात्रांचं आहे, म्हणजे एक मात्रा पाऊण सेकंदापेक्षा थोडी कमी, तर ३२ मात्रा साधारण २१.३ सेकंदांत होतात. व्हिडिओ २१.३ चा करा, २० किंवा २२ चा नको. शब्द तुटतील, त्याला इलाज नाही, पण ठेका तुटणार नाही. जमलं तर शब्द नसलेला तुकडा घ्या.

सई_सातारा

करून बघते. मोजायचं टाळ्या देऊनच का?

ठेका_आठ_मात्रा

हो, १५ सेकंदांत किती टाळ्या पडतात ते मोजा आणि चारने गुणा. पुरतं तेवढं.

चुलीपाशी_सोलापूर

आवाज जमला! शेवटी ९ फ्रेम केल्या आणि आता थापा एका लयीत चालतात. चूल आहे दादा, गॅस नाही, लाकडाचा तडतड आवाज आहे पण तो कधीही येतो त्यामुळे कळत नाही.

आता बोलण्याचं. सासूबाई शेवटी "झाली बघा भाकरी" म्हणतात ते काढलं, कारण ते ऐकलं की मलाच वाटतं संपलं. पण मग काय बोलायचं? इंग्रजी व्हिडिओत वाक्य अर्धं सोडतात आणि ते सुरुवातीच्या वाक्याला जाऊन मिळतं. आम्ही शेवटी "आणि म्हणूनच…" असं ठेवून बघितलं, सुरुवातीचं वाक्य "भाकरीचं पीठ गरम पाण्यातच मळायचं" असं आहे. पण ओढून आणल्यासारखं वाटतंय.

कात्री_आणि_डिंक

"आणि म्हणूनच" आता इतक्या व्हिडिओंत येतं की ते ऐकलं की लोकांना कळतं हा लूप आहे, ते स्वतःच शेवटाची खूण झालंय. मराठीत याच्याहून चांगली सोय आहे. आपल्याकडे अट आधी येते आणि मुख्य वाक्य नंतर. "नको असेल तर", "हवी असेल तर", "यायचं असेल तर", ही अट शेवटी टाका आणि तिचं उत्तर सुरुवातीला ठेवा. समजा सासूबाई भाकरी फुगल्यावर दुसरा उंडा घेताना म्हणाल्या, "अशी कडेपर्यंत फुगायला हवी असेल तर" आणि व्हिडिओ फिरला, "भाकरीचं पीठ गरम पाण्यातच मळायचं". वाक्य पूर्ण झालं आणि कोणी ओढलं पण नाही.

यात एक परीक्षा आहे. सुरुवातीचा अर्धा भाग एकट्याने उभा राहिला पाहिजे, कारण पहिल्यांदा बघणाऱ्याने आधीचं काही ऐकलेलं नसतं. "जी भाकरी फुगत नाही" शेवटी आणि "तिचं पीठ गार पाण्यात मळलेलं असतं" सुरुवातीला असं केलं तर फिरताना छान जुळेल, पण पहिल्यांदा बघणारा म्हणेल तिचं म्हणजे कुणाचं? तो तिथंच सोडून जाईल. सुरुवातीला ती, तो, त्याचं, तेव्हा, तसं, असले मागे बोट दाखवणारे शब्द नकोत.

आणि रेकॉर्डिंग. इथं परत तेच, सांधा आधी. सासूबाईंना अख्खं वाक्य एका दमात बोलू द्या, "अशी कडेपर्यंत फुगायला हवी असेल तर भाकरीचं पीठ गरम पाण्यातच मळायचं", आणि मग "तर" च्या नंतर कापा. वेगवेगळं बोलून घेतलं तर "भाकरीचं" हा शब्द नव्या वाक्यासारखा वरच्या पट्टीत उठतो आणि "तर" खाली बसतो, शब्द जुळतात पण सूर जुळत नाही.

चुलीपाशी_सोलापूर

हे फारच पटलं. सासूबाई तसंही "तर" फार म्हणतात :)

अनघा_रांगोळी

मला जरा वेगळं म्हणायचंय. मी ठिपक्यांच्या रांगोळ्यांचे व्हिडिओ टाकते. मागच्या वर्षी असाच लूप केला होता, ९ सेकंदांचा, शेवटची रेघ पूर्ण व्हायच्या आत परत पहिला ठिपका. बघण्याची सरासरी शंभर टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे लोकांनी परत बघितला हे खरं. पण खाली सगळ्यांची एकच तक्रार, पूर्ण रांगोळी दिसलीच नाही. काहींनी रागाने लिहिलं. सेव्ह अगदीच कमी झाले, आणि रांगोळीत सेव्ह महत्त्वाचे कारण बायका सणाच्या आधी सेव्ह केलेलं काढून बघतात. वर कापूसकोंड्याची गोष्ट निघालीच आहे म्हणून म्हणते, लहानपणी ती गोष्ट तिसऱ्यांदा ऐकली की रडू यायचं मला. परत बघितलं म्हणजे आवडलं असं नाही ना.

कात्री_आणि_डिंक

तुमची तक्रार खरी आहे आणि हे मी पण केलंय, उत्तर लपवून लोकांना फिरवत ठेवणं. ते फसवल्यासारखंच होतं. माझं आता असं आहे की बघणाऱ्याला जे हवंय ते सांध्याच्या आधी पूर्ण दाखवायचं आणि थोडं थांबून दाखवायचं. भाकरीत फुगलेली भाकरी दीड-दोन सेकंद नीट दिसू दे, मग ताट, मग दुसरा उंडा. लूपचं काम फक्त संपल्याची खूण काढून टाकणं एवढंच.

पण रांगोळी अवघड आहे हे मान्य. भाकरीचं काम परत सुरुवातीला येतं, रांगोळीचं येत नाही, मोकळी जमीन आणि भरलेली जमीन. एक मार्ग असा की पूर्ण रांगोळी दाखवून झाली की फोन हळूहळू एका पांढऱ्या ठिपक्याजवळ न्यायचा, इतका की अख्खी स्क्रीन पांढरी होईल. आणि सुरुवात त्याच पांढऱ्यातून, फोन मागे घेत घेत जमिनीवर एकच ठिपका. स्क्रीन पूर्ण पांढरी असते तिथं सांधा लपतो. इथं मात्र फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करायला लागतात, स्क्रीनवर बोट दाबून धरलं की होतं. नाहीतर पांढरं भरलं की फोन आपोआप काळोख करतो आणि एक पांढरं राखाडी, दुसरं पांढरं स्वच्छ असं होतं.

अनघा_रांगोळी

हे करून बघण्यासारखं आहे. माझ्या आईने सुचवलं होतं की शेवटी सडा घालून पुसून टाक, मोकळी जमीन मिळेल. पण काढलेली रांगोळी कॅमेऱ्यासमोर पुसायला माझं मन होत नाही.

रोहन_रील्स

पण मुळात परत बघितलं तरी व्ह्यू एकच धरतात ना? मग एवढा खटाटोप कशाला.

कात्री_आणि_डिंक

यूट्यूब शॉर्ट्सवर आता तसं नाही. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा परत फिरला की प्रत्येक वेळी व्ह्यू धरला जातो, किती वेळ बघितला याची अट नाही. पण जुन्या पद्धतीचा आकडा त्यांनी वेगळा ठेवलाय, एंगेज्ड व्ह्यूज म्हणून, आणि पैसे आणि पार्टनर प्रोग्रामची पात्रता त्याच्यावर ठरते. त्यामुळे लूप केला आणि वरचा आकडा फुगला तर लगेच हुरळून जायचं नाही, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचे.

अनघा_रांगोळी

म्हणजे परत बघण्याने कमाईत फरक पडतो का नाही?

कात्री_आणि_डिंक

माझ्या गिऱ्हाइकांच्या चॅनलवर मला सरळ संबंध काढता आलेला नाही. काहींचे दोन्ही आकडे वाढले, एकाचा फक्त वरचा. त्याचा व्हिडिओ तुमच्या त्या रांगोळीसारखाच होता, शेवट लपवलेला.

सई_सातारा

माझा जमला ३२ मात्रांचा! गाणं तुटतं पण ठेका चालू राहतो. पण एक प्रॉब्लेम, शेवटी क्षणभर काळं चमकतं. एडिट करताना दिसत नाही, टाकल्यावर दिसतं.

कात्री_आणि_डिंक

गाण्याची पट्टी चित्राच्या पट्टीपेक्षा दोन-तीन फ्रेम लांब राहिलीय. चित्र संपलं, आवाज चालू, म्हणून मधे काळं. दोन्ही पट्ट्या एकाच रेषेत संपवा. शिवाय काही अ‍ॅप शेवटी स्वतःचा लोगो जोडतात आणि गाण्याला आपोआप फेड लावतात, ते पण बंद आहे ना बघा.

टाकायच्या आधी एक तपासणी सगळ्यांनीच करा. एक्स्पोर्ट झालेली फाइल नव्या प्रोजेक्टमध्ये दोनदा घ्या, एकापुढे एक. मग सांध्याच्या आधी पाच सेकंदांपासून बघा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून नुसतं ऐका. दोन्ही एकत्र बघितलं की मन सांभाळून घेतं आणि चूक सापडत नाही. इथं जुळलं आणि टाकल्यावर परत फिरताना किंचित थांबलं, तर ते अ‍ॅप किंवा नेटचं आहे.

चुलीपाशी_सोलापूर

मी तपासलं दादा तसं, आणि एक सापडलं. वर "गरम पाण्यातली भाकरी" असं नाव लिहिलंय ते पहिल्या फ्रेमपासून आहे पण शेवटी नाही, त्यामुळे डोळे उघडे ठेवून बघितलं की सांध्याला ते एकदम उगवतं. चित्र इतकं जुळलेलं आणि अक्षरांनी घात केला.

कात्री_आणि_डिंक

अक्षरं सोळाव्या-सतराव्या फ्रेमला आणा, हळू उमटू द्या, आणि व्हिडिओ संपायच्या बऱ्याच आधी जाऊ द्या. सांध्याच्या दोन्ही बाजूला अर्धा सेकंद स्क्रीनवर काहीच लिहिलेलं नको. रंगाचा फिल्टर लावला असेल तर तो कापायच्या आधी अख्ख्या शॉटला लावा, नंतर एका तुकड्याला लावला आणि दुसऱ्याला राहिला असं होतं.

चुलीपाशी_सोलापूर

काल संध्याकाळी टाकला. ३२ चा आता २७ सेकंदांचा झालाय, "झाली बघा" आणि ताटातला थांबलेला शॉट गेला म्हणून. फुगलेली भाकरी दोन सेकंद ठेवली. ग्राफ अजून कच्चा आहे पण शेवटची ती घसरण यावेळी नाही, रेघ जवळजवळ सरळ जाते. एका ताईंनी खाली लिहिलंय की तीन भाकऱ्या झाल्यावर मला कळलं की एकच आहे. सासूबाईंनी ती कमेंट दोनदा वाचून घेतली माझ्याकडून.

एक मात्र राहिलं. दोघीतिघींनी विचारलंय की पाणी किती आणि पीठ किती, ते बोलण्यात कुठंच बसवता आलं नाही, बसवलं की "तर" पर्यंत यायला वाक्य लांबतं आणि थापा कमी पडतात. आता पुढचा धपाट्यांचा आहे, त्याला प्रमाण सांगावंच लागेल. धपाटे ओल्या फडक्यावर थापतात, तिथं थापेचा आवाज पण असा येत नाही, दबका येतो. त्याला सांधा कुठं टाकू?

ठेका_आठ_मात्रा

धपाट्याला मधे बोटाने भोकं पाडता ना? ती ठराविक लयीत पडतात का बघा एकदा.

चुलीपाशी_सोलापूर

पाच पाडतात सासूबाई, एक मधे आणि चार कडेनं. उद्या सकाळी आवाजासकट शूट करून टाकते इथं.